टेबलाच्या या बाजूने

"मुलाखतीत हे लोक नक्की बघतात तरी काय?"

हा प्रश्न मला मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांकडून जास्त ऐकू येतो. मुलाचे मार्क चांगले असतात, नवा शर्ट घेतलेला असतो, इंग्रजीतून स्वतःची ओळख तोंडपाठ असते, तरी निवड होत नाही. त्याच्याच वर्गातला, मध्यम मार्कांचा आणि कमी बोलणारा मुलगा मात्र लागतो. मग त्याची कुठेतरी ओळख असणार, अशी घरात समजूत घातली जाते. ओळखीने लागणारे असतात, हे मी नाकारत नाही. पण त्या एका कारणाने सगळ्या निवडींचा उलगडा होत नाही. मी मुलाखत घेणाऱ्यांपैकी आहे. टेबलाच्या या बाजूला बसल्यावर माझ्या मनात काय येतं, समोरच्या कागदावर मी काय लिहिते आणि कशाने खरोखर खूश होते, ते या प्रकरणात कबूल करणार आहे.

१. कोणती मुलाखत?

बँकेची मुलाखत वेगळी, शाळेतल्या शिक्षकाची वेगळी. सगळ्यांना लागू पडेल असं बोलायला गेलं की हातात काहीच उरत नाही. म्हणून मला आतून माहीत असलेली एकच मुलाखत घेते.

सुदुंबरे हे मावळातलं गाव. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी इथे आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन इथेच आहे, आणि एक अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. गावाच्या एका अंगाला तळेगावची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला चाकणची. चाकणला बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन यांचे मोठे कारखाने आहेत, आणि अशा कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने या सगळ्या पट्ट्यात पसरलेले आहेत. तशाच एका कारखान्यात मी क्वालिटी विभाग सांभाळते. सुदुंबरे, इंदोरी, देहू, खेड अशा गावांतून डिप्लोमा किंवा आयटीआय झालेली मुलं-मुली आमच्याकडे येतात. जागा असते ट्रेनी इन्स्पेक्टरची. मशीनवरून उतरलेला भाग ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही, हे मोजून ठरवायचं, हे त्याचं काम.

२. पहिली पाच मिनिटं

पहिली कबुली अशी, की दार उघडून आलेल्या मुलाबद्दल माझं मत लगेच बनायला लागतं. इस्त्रीचा शर्ट, ताठ चाल, स्वच्छ "गुड मॉर्निंग, मॅडम" यांचा परिणाम माझ्यावर होतो. तो होऊ नये अशी माझी इच्छा असली तरी होतो.

यात धोका हा, की एक गुण चांगला दिसला की बाकीचे न पाहिलेले गुणही चांगलेच असणार, असं मन परस्पर धरून चालतं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये हे दाखवून दिलं. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा वेगवेगळ्या गुणांसाठी दिलेले शेरे त्याने तपासले. ते शेरे एकमेकांशी नको इतके जुळत होते. धिप्पाड आणि रुबाबदार माणूस अधिकाऱ्याला हुशार आणि सचोटीचाही वाटत होता. या परिणामाला 'हॅलो इफेक्ट' म्हणतात. देवाच्या चित्रात डोक्यामागे तेजाचं वलय काढतात, तेच इथे मनातल्या मनात काढलं जातं.

त्यावर उपाय म्हणून मी एक कागद वापरते. त्यावर पाच प्रश्न आधीच छापलेले असतात आणि ते प्रत्येक उमेदवाराला त्याच क्रमाने विचारले जातात. प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण असतात, आणि एक, तीन, पाच कशाला द्यायचे याचं वर्णन प्रश्नाखालीच लिहिलेलं असतं. उत्तर संपलं की पुढचा प्रश्न विचारण्याआधी मी गुण लिहून टाकते. शेजारी बसलेले प्रॉडक्शनचे साहेब त्यांच्या कागदावर स्वतंत्र लिहितात, आणि मुलगा बाहेर जाईपर्यंत आम्ही एकमेकांचे आकडे बघत नाही. याला संरचित मुलाखत म्हणतात.

एवढा खटाटोप कशासाठी, तर पुढे काम कसं होणार याचा अंदाज अशा मुलाखतीतून जास्त बरोबर येतो म्हणून. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. मुलाखतीतले गुण आणि नंतरचं काम यांचा काहीच संबंध नसेल तर शून्य, अगदी पक्का संबंध असेल तर एक, अशी मोजपट्टी त्यांनी घेतली. मनाला येईल ते विचारून घेतलेल्या मुलाखतीला तिच्यावर ०.१९ मिळाले, आणि संरचित मुलाखतीला ०.४२. किती वर्षं नोकरी केली, एवढ्या एका गोष्टीचा आकडा तर ०.०७ निघाला. म्हणून "अनुभव किती?" या प्रश्नाच्या उत्तरातल्या वर्षांना मी फार वजन देत नाही. त्या वर्षांत हाताखालून काय गेलं, ते विचारते. आणि ०.४२ म्हणजे एक नव्हे, याचंही भान ठेवावं लागतं. त्याकडे शेवटी येते.

३. व्हर्नियर हातात दिल्यावर

आता खरा गाभा. माझ्या कागदावरचा दुसरा प्रश्न तोंडी नसतोच. टेबलावर एक शाफ्ट, एक ड्रॉइंग आणि एक व्हर्नियर कॅलिपर ठेवलेला असतो. मी एवढंच म्हणते, "हा भाग पास करशील की रिजेक्ट, मोजून सांग."

शितावरून भाताची परीक्षा करतात, तसाच हा प्रकार. फक्त ते शीत त्याच पातेल्यातलं हवं. उद्या जे काम करायचं आहे त्याचाच लहानसा तुकडा आज करून घ्यावा, हे त्यातलं तत्त्व. कोडी घालून किंवा "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस?" असं विचारून इन्स्पेक्टरच्या हाताची पारख होत नाही.

ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर दिलेला आहे आणि टॉलरन्स अधिक-उणे ०.०५. टॉलरन्स म्हणजे परवानगी असलेला फरक. याचा अर्थ २४.९५ ते २५.०५ यांच्यामध्ये बसणारा प्रत्येक शाफ्ट चांगला आणि बाहेर गेलेला वाईट.

व्हर्नियरला दोन पट्ट्या असतात. मोठ्या पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतात. सरकणाऱ्या छोट्या पट्टीवर ५० भाग असतात आणि ते मोठ्या पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरमध्ये बसवलेले असतात. त्यामुळे छोटा भाग मोठ्या भागापेक्षा एक पन्नासांश मिलिमीटरने, म्हणजे ०.०२ ने कमी भरतो. या साधनाने ओळखता येणारा सगळ्यात बारीक फरक तेवढाच. त्याला लीस्ट काउंट म्हणतात. हे सगळं पुस्तकात असतं आणि बहुतेक मुलांना पाठ येतं.

बहुतेक जण व्हर्नियर उचलतात आणि थेट शाफ्टला लावतात. मोठ्या पट्टीवर २५ ची खूण ओलांडलेली दिसते, छोट्या पट्टीवरची चौथी रेघ वरच्या एका रेघेशी नेमकी जुळते. चार गुणिले ०.०२, म्हणजे ०.०८. वाचन झालं २५.०८. हद्द २५.०५ ची, म्हणून उत्तर येतं, "रिजेक्ट, मॅडम." गणित बरोबर असतं आणि उत्तर चूक.

क्वचित एखादी मुलगी आधी खिशातला रुमाल काढते. शाफ्टवरचं तेल पुसते, व्हर्नियरचे दोन्ही जबडे आतून पुसते, मग ते पूर्ण मिटवून उजेडाकडे धरते. जबड्यांमधून उजेड दिसत नाही ना, आणि दोन्ही पट्ट्यांचे शून्य एका रेषेत येतात ना, हे ती बघते. या व्हर्नियरवर ते येत नाहीत. छोट्या पट्टीचा शून्य किंचित उजवीकडे असतो आणि तिची दुसरी रेघ जुळलेली असते. म्हणजे काहीही न मोजता साधन ०.०४ दाखवतंय. ही झिरो एरर. आता तिचं वाचनही २५.०८ च येतं, पण ती त्यातून ०.०४ वजा करते. खरं माप २५.०४. भाग हद्दीत आहे. मघाशी रिजेक्ट झालेला तोच शाफ्ट चांगला निघाला.

ही छोटी पट्टी बारीक स्क्रूंनी बसवलेली असते. आमच्या एका जुन्या व्हर्नियरची पट्टी सरकलेली आहे. तो मी मुद्दाम मुलाखतीसाठी बाजूला ठेवला आहे आणि उत्पादनात वापरू नये अशी चिठ्ठी त्याच्या डब्यावर चिकटवली आहे. हा सापळा नाही का, असं मला कोणी कोणी विचारतं. मला तसं वाटत नाही. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला इन्स्पेक्टरने सगळ्यात आधी करायची गोष्ट हीच आहे. दिवसभर ०.०४ ने जास्त दाखवणाऱ्या साधनाने मोजत राहिलं तर चांगला माल भंगारात जातो. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या टोकाला २४.९२ चा बारीक शाफ्ट २४.९६ दिसतो आणि पास होऊन गाडीत जातो.

एवढं करणाऱ्याला माझ्या कागदावर चार गुण मिळतात. पाचवा गुण त्याच्याही पुढे आहे. २५.०४ हे माप हद्दीपासून फक्त ०.०१ आत आहे आणि हातातलं साधन ०.०२ पेक्षा बारीक वाचूच शकत नाही. मग पास म्हणण्याइतकी खात्री कुठून आणायची? कारखान्यात एक साधा नियम पाळतात, की टॉलरन्सच्या एक दशांशाइतकं बारीक मोजणारं साधन घ्यावं. इथे एकूण टॉलरन्स ०.१०, म्हणजे साधन ०.०१ वाचणारं हवं, म्हणजे मायक्रोमीटर. जी मुलगी म्हणते, "मॅडम, व्हर्नियरवर हा बसतोय, पण काठावर आहे. मायक्रोमीटर मिळाला तर बघून सांगते," तिला मी पाच देते. शाफ्ट फिरवून काटकोनात दुसरं माप घेणारा, आणि मग दुसऱ्या टोकालाही मोजणारा मुलगा दिसला, की समजायचं, त्याला शाफ्ट लंबगोल किंवा निमुळता असू शकतो हे कळलेलं आहे. ते मी कागदावर वेगळं लिहून ठेवते.

या दहा मिनिटांत तो फारसं बोलत नाही आणि त्याच्या बोलण्याकडे माझंही लक्ष नसतं. मी त्याच्या हातांकडे बघत असते.

४. दहा ते अकरा

तिसरा प्रश्न असा. "मशीनवर दर तासाला एक शाफ्ट मोजायचा नियम आहे. दहा वाजता मोजलेला बरोबर होता. अकराचा मोठा निघाला, हद्दीबाहेर. तू काय करशील?"

"तो बाजूला काढून लाल क्रेटमध्ये ठेवीन आणि ऑपरेटरला सेटिंग करायला सांगीन." हे उत्तर चुकीचं नाही. त्याला दोन गुण मिळतात.

अकराचा शाफ्ट हे बिघाडाचं पहिलं दर्शन आहे, पहिला बिघाड नव्हे. टूल दहा वाजून पाच मिनिटांनी झिजलं असेल किंवा पावणेअकराला. आपण मधलं काहीच पाहिलेलं नाही. एका शाफ्टला दीड मिनिट लागत असेल तर तासाला ४० शाफ्ट होतात. ते सगळे संशयित आहेत. म्हणून मशीन थांबवायचं, दहापासूनचा सगळा माल 'होल्ड' अशी पाटी लावून वेगळा करायचा आणि त्यातला एकेक मोजायचा. त्या ४० पैकी काही पुढच्या ऑपरेशनला गेले असतील तर तिथून परत आणायचे. मग सेटिंग करायचं, आणि त्यानंतरचा पहिला शाफ्ट मोजल्याशिवाय मशीन सोडायचं नाही.

ही सगळी पद्धत नवशिक्याला माहीत असावी, अशी माझी अपेक्षा नसते. मी एकाच वाक्याची वाट बघत असते. "याच्या आधी कधी मोजला होता?" किंवा "मग मधल्यांचं काय?" ज्याला मागे वळून बघायचं सुचलं, त्याला बाकीची पद्धत एका आठवड्यात शिकवता येते. न सुचणाऱ्याला कितीही नियम पाठ करून दिले तरी तो समोरच्या एका भागापाशीच थांबतो.

पुढे मी थोडी अडचण वाढवते. "सुपरवायझर म्हणाले, गाडी दारात उभी आहे, जाऊ दे. मग?" यावर छाती पुढे काढून "मी अजिबात जाऊ देणार नाही" म्हणणारे बरेच असतात, आणि त्यांच्या बोलण्यावर मी फार विसंबत नाही. विशीतला मुलगा चाळिशीतल्या सुपरवायझरसमोर खरोखर कसा उभा राहील, ते या खोलीत कळत नाही. मला पटलेलं उत्तर साधं असतं. "मी होल्डची पाटी काढणार नाही आणि तुम्हाला फोन करीन. तुम्ही सही केलीत तर माल जाईल." निर्णय घ्यायचा अधिकार आपला नाही, पण बातमी दडवायचीही नाही, हे ज्याला उमगलं त्याला हे काम उमगलं.

५. प्रोजेक्ट कोणी केला?

माझ्या कागदावरचा पहिला प्रश्न प्रोजेक्टचा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हा प्रत्येकाच्या बायोडेटात असतो, आणि चार-पाच जणांचा मिळून असतो. आमच्या भागातला एक नेहमीचा विषय म्हणजे भातझोडणी यंत्र. मावळ भाताचा तालुका, इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातला, त्यामुळे मुलं हा विषय घेतात ते मला आवडतं.

"आम्ही भातझोडणी यंत्र बनवलं. आम्ही डिझाइन केलं. आम्ही टेस्टिंग केलं." इथपर्यंत कोणीही सांगू शकतो, यंत्र आयतं विकत आणलेला गटही. मी पहिला उपप्रश्न विचारते, यंत्र कसं चालतं. उत्तर येतं. दुसरा, मोटर कोणती. तेही येतं. तिसरा, ड्रमचा वेग किती आणि तो कसा ठरवला. पाठ केलेली उत्तरं साधारण इथे संपतात.

ज्याने काम केलंय त्याचं उत्तर इथून पुढे सुरू होतं. समजा, एक मुलगा सांगतो, "मॅडम, मोटर १४४० आरपीएमची होती. तिच्यावर तीन इंची पुली आणि ड्रमवर सहा इंची, म्हणजे वेग निम्मा, ७२०. लोंब्या लावल्या तर दाणे फुटायला लागले. मग ड्रमची पुली बारा इंची केली." १४४० गुणिले तीन, भागिले बारा, म्हणजे ३६०. "त्या वेगावर दाणे शाबूत राहिले, पण काही लोंबीतच अडकून राहत होते. मग पेंढी ड्रमवर थोडी जास्त वेळ धरायला लागली. पुली बदलायचं काम माझ्याकडे होतं. रिपोर्ट दुसऱ्याने लिहिला, तो भाग मला नीट सांगता येणार नाही."

या उत्तरात मला हवं ते सगळं आहे. आकडे एकमेकांशी जुळतात. काहीतरी बिघडलं, त्याचं कारण शोधलं, एक गोष्ट बदलली आणि त्या बदलाची किंमतही सांगितली. शिवाय त्याने आपल्या वाट्याची हद्द आखून दिली. मी त्याला लगेच विचारते, "पट्टा घसरत होता का?" कारण लहान पुलीवर पट्ट्याला पकड कमी मिळते. "हो मॅडम, मोटर मागे ओढून ताण वाढवावा लागला." हे कोणत्याही रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं.

ज्यांच्याकडे असा प्रोजेक्ट नाही त्यांनी खचायचं कारण नाही. घरचा पंप दुरुस्त केला, काकांच्या गॅरेजमध्ये हात काळे केले, दुकानाचा स्टॉक मोजला, यांतलं काहीही मला चालतं, तिसऱ्या उपप्रश्नाला उत्तर आलं पाहिजे. बायोडेटात लिहिलेली प्रत्येक ओळ म्हणजे मला प्रश्न विचारायचं दिलेलं आमंत्रण असतं, म्हणून ज्या ओळीवर तीन प्रश्न झेलता येणार नाहीत ती लिहू नये.

६. "माहीत नाही" म्हणण्याचे गुण

चौथा प्रश्न मी उत्तर येऊ नये म्हणूनच विचारते. "मशीनमधून गरम उतरलेला शाफ्ट आणि तासाभराने थंड झालेला तोच शाफ्ट, यांच्या मापात किती फरक पडेल?"

तापवलं की पोलाद वाढतं, हे शाळेत झालेलं असतं. किती वाढतं, ते फार थोड्यांना आठवतं. एक मीटर लांबीचं पोलाद एका अंशाला साधारण ११.५ मायक्रॉनने वाढतं, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आमचा शाफ्ट २५ मिलिमीटरचा, म्हणजे मीटरचा चाळिसावा भाग. तो ६० अंशांवरून २० अंशांवर आला तर फरक ४० अंशांचा. ११.५ ला ४० ने गुणून ४० नेच भागलं की ११.५ मायक्रॉन उरतात, म्हणजे जवळपास ०.०१ मिलिमीटर. व्हर्नियरला तो दिसणारही नाही. पण मघाचा शाफ्ट हद्दीपासून ०.०१ च आत होता, तेव्हा मायक्रोमीटरवर तो निर्णय फिरवू शकतो. मोजमापासाठी २० अंश हे जगभर ठरलेलं तापमान आहे, ते याच कारणाने.

काही जण आकडा ठोकून देतात. "दोन मिलिमीटर, मॅडम." दोन मिलिमीटरने शाफ्ट फुगला तर तो कुठेच बसणार नाही, हा विचार त्यामागे नसतो. न मोजता तक्त्यात आकडा भरणारा इन्स्पेक्टर मला या उत्तरात दिसतो, आणि आमच्या कामात त्याच्याइतकं घातक कोणी नाही.

दुसरे नुसतं "माहीत नाही" म्हणून खाली बघतात. ते प्रामाणिक आहेत, त्यांना तीन.

आणि एखादा म्हणतो, "वाढेल हे नक्की. किती ते मला माहीत नाही. पण एक शाफ्ट गरम असताना मायक्रोमीटरने मोजून, त्यावर खूण करून, तासाने त्याच जागी परत मोजला तर कळेल." सूत्र सांगणाऱ्याइतकेच पूर्ण पाच गुण मी त्याला देते. खूण करून त्याच जागी मोजायचं त्याला सुचलं, हे मला सूत्राहून मोलाचं वाटतं.

७. भाषेबद्दल थोडं

इंग्रजीची भीती मुलांच्या मनातून काढणं मला जमलेलं नाही, पण माझ्या कागदावर इंग्रजी बोलण्याला गुण नाहीत एवढं सांगू शकते. शॉप फ्लोअरवर मराठी आणि हिंदी चालते. ड्रॉइंग मात्र इंग्रजीत असतं, आणि त्यावरच्या टिपा, चिन्हं, मापं वाचता आलीच पाहिजेत. ते मी तपासते. इंग्रजीत अडखळणाऱ्याला मी सुरुवातीलाच म्हणते, "मराठीत सांग." तेवढ्याने काहींचा आवाजच बदलतो, आणि सुदुंबऱ्याच्या यात्रेत बोलावं तसं ते पुली आणि पट्ट्याबद्दल बोलायला लागतात. जिथे मुलाखत घेणारा असं म्हणत नाही, तिथे उमेदवाराने विचारायला हरकत नाही, "हे मराठीत सांगितलं तर चालेल का?"

८. मला न कळणाऱ्या गोष्टी आणि तुम्ही विचारायच्या गोष्टी

०.४२ कडे परत येते. चांगल्या मुलाखतीनेही पुढचं काम पुरतं कळत नाही. मुलगा रात्रपाळीत पहाटे चारला तितक्याच काळजीने मोजेल का, हे मला तीस मिनिटांत दिसत नाही. पाऊस लागला की गावाकडून वेळेवर येईल का, चार महिन्यांनी जास्त पगारासाठी शेजारच्या कारखान्यात जाईल का, हेही दिसत नाही. व्हर्नियरच्या प्रश्नालाही मर्यादा आहे. हात थरथरणारा चांगला इन्स्पेक्टर त्यात मागे पडू शकतो, म्हणून पहिलं वाचन झाल्यावर मी प्रत्येकालाच सांगते, "सावकाश, हवं तर परत मोज." परत मोजून आपलंच उत्तर बदलणाऱ्याचे गुण मी कापत नाही.

पाचवा प्रश्न असतो, "तुला काय विचारायचंय?" इथे गप्प बसणारे खूप असतात, कारण विचारलं तर उद्धट वाटेल असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. मला न विचारणाऱ्याचीच काळजी वाटते. "इथली साधनं किती दिवसांनी कॅलिब्रेट होतात?" "शिफ्ट बदलताना होल्डवरच्या मालाची नोंद कोण कोणाला देतं?" असं एखाद्याने विचारलं की तो मनाने कामावर रुजू झालेला असतो.

पण या प्रश्नांच्याही आधी, स्वतःसाठी, एक प्रश्न विचारून घ्यावा: "मला मिळणारं पत्र कशाचं असेल?" १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालची जागा ही शिकण्याची असते. तिथे पगाराऐवजी स्टायपेंड मिळतो, मुदत ठरलेली असते आणि ती संपल्यावर कायम होण्याची हमी आपोआप मिळत नाही. कंपनीची स्वतःची ट्रेनी म्हणून नेमणूक वेगळी. आणि पत्रावर कंपनीऐवजी कंत्राटदाराचं नाव असेल तर पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा यांसाठी तुम्हाला आधी त्याच्याकडे जावं लागणार. यांतली कोणतीही जागा घेण्यात कमीपणा नाही, पण कोणती घेतोय ते माहीत असावं. मुदत किती, हातात किती येणार, बस सुदुंबऱ्यापर्यंत येते की चाकण चौकातच सोडते, हे विचारल्यावर मी पेन खाली ठेवते आणि एकेकाचं उत्तर देते. त्याबद्दल गुण कमी करण्याची जागा माझ्या कागदावर नाही.